मॅडम, पोरगी सहलीला येणार नाही

कापसाची वेचणी आणि शाळेच्या सहली बहुतेक एकाच वेळी येतात. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी हेच झालं. सहावीतली पोरगी, सकाळी सहाला एसटी अजिंठ्याला निघणार. रात्री आठला निरोप आला की कापसाची गाडी पहाटेच येतेय. धाकट्याला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पोरीला थांबवायचं ठरलं.

आता मॅडमना काय सांगायचं? बैठकीत एक जण म्हणाली, ताप आला म्हणून सांगा. आम्ही नको म्हटलं. गावात कापसाची गाडी कोणाच्या दारात उभी होती ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. शिवाय खोटं वर्गात पोरीलाच बोलावं लागतं.

आधी मॅडमची बाजू बघा. शाळेच्या सहलीला एसटी निम्मी सवलत देते, पण भाडं अख्ख्या गाडीचं असतं. एक पोर गळालं तरी ते कमी होत नाही. समजा, चव्वेचाळीस पोरांचे प्रत्येकी 300 रुपये धरले होते आणि या पोरीचे द्यायचे राहिले. मग बाकीच्या त्रेचाळीस जणांकडून सात-सात रुपये मागा, नाहीतर मॅडमनी पदरचे घाला. दुसरं म्हणजे, यादीतलं नाव हजर नसलं की गाडी थांबते. पहाटे फोन लावत बसायचं, आणि पोरगी घरून निघाली की नाही हा घोर वेगळाच.

म्हणून त्या ताईंनी रात्रीच फोन केला. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता मेसेज टाकला असता तर मॅडमनी तो गाडी सुटल्यावर पाहिला असता. त्या एवढंच बोलल्या: "मॅडम, उद्या पोरगी येणार नाही. घरी कापसाची गाडी येतेय, लहान्याजवळ कोणी नाही. आत्ताच ठरलं. तिची वाट पाहू नका. राहिलेले पैसे मी परवा आणून देते." नवऱ्याला किंवा सासूला दोष दिला नाही, रडगाणंही गायलं नाही. कारण एका वाक्यात सांगितलं की पुरतं. लांबवलं की मॅडमलाच आपली समजूत काढत बसावं लागतं, आणि त्यांना अजून डबे, पाणी, औषधांची पेटी बघायची असते.

परवा पैसे आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठी अशी: "मॅडम, आयत्या वेळी कळवल्यामुळे तुमची अडचण झाली, माफ करा. निर्णय आमचा होता, पोरीचा नाही. सहलीवर काही लिहायला दिलं असेल तर तिला सांगा, मैत्रिणींना विचारून ती पूर्ण करेल."

"निर्णय पोरीचा नाही" हे वाक्य आमच्या मते सगळ्यात गरजेचं. नाहीतर बोलणी तीच खाते.

ज्यांनी पैसे आधीच भरलेत त्यांनी त्या दिवशी परताव्याचा विषय काढू नये. गाडीचा हिशेब झाल्यावर काही उरलं तर मॅडम सांगतील. उरेलच असं नाही.