सुकविलेला चिकू आणि भांडवलाच्या दहा स्लाइड्स



धंद्यासाठीं भांडवल मागावयाचें म्हणजे पेढीवर जाऊन शेटजींपुढें बसावें, आपली पत सांगावी आणि एखादा जामीन उभा करावा, अशी पूर्वीं रीत होती. हल्लीं नव्या उद्योगांत पैसा घालणारे गृहस्थ व्याजाचे धनी न होतां नफ्यातोट्याचे वाटेकरी होतात, आणि त्यांच्यापुढें पडद्यावर स्लाइड्स दाखवून आपलें म्हणणें थोडक्यांत मांडावें लागतें. या स्लाइड्सच्या संचाला ‘पिच डेक’ हें नांव पडलें आहे. अमेरिकेंतील गाय कावासाकी यांनीं त्यासाठीं एक दंडक सांगितला: स्लाइड्स दहा, वेळ वीस मिनिटें, आणि अक्षरें तीस पॉइंटांहून लहान नकोत. हा दंडक पाळणें अवघड नाहीं. अवघड आहे तें दहांपैकीं कोणत्या स्लाइडवर आपला उद्योग खरोखर उभा आहे हें ओळखणें. आज तेवढेंच एका उदाहरणानें सांगण्याचा विचार आहे.

समजा, पालघर गांवांतील एका बहीणभावांनीं चिकूच्या फोडी सुकवून विकण्याचा उद्योग काढला आहे. पालघरहून उत्तरेकडे बोईसर, वाणगांव अशीं स्टेशनें मागें टाकीत गेलें कीं डहाणू आणि घोलवड येथील चिकूच्या वाड्या लागतात. तेथून फळ येणार. कांहीं महिने घरच्या घरीं माल करून त्यांनीं विकून पाहिला आहे. आतां बारा लाखांची यंत्रसामुग्री घ्यावयाची आहे, आणि भागीदार म्हणून कोणी आठ लाख रुपये घालील काय, हा त्यांचा प्रश्न आहे. उदाहरणांतील भाव मीं हिशेबाच्या सोयीसाठीं धरले आहेत. प्रत्येकानें आपले भाव घालून हिशेब पुन्हां मांडावा.

पहिल्या स्लाइडवर उद्योगाचें नांव आणि तो काय करतो हें एका वाक्यांत सांगावें. दुसरीवर अडचण सांगावी: चिकू पिकला कीं दोनतीन दिवसांत मऊ पडून नासतो, त्यामुळें बागाइतदारास मिळेल त्या भावास तो द्यावा लागतो. तिसरीवर उपाय, म्हणजे सुकविलेली फोड. हिचा नमुना कागदावर न दाखवितां बशींत घालून समोर ठेवावा. या तिहींस मिळून तीन मिनिटें पुष्कळ झालीं.

चौथी स्लाइड कृतीची. येथें भांडवलदार सावध होतो, कारण मांडणाराला धंदा येतो कीं नाहीं हें येथें कळतें. चिकू पक्व झाला कीं कठीण असतांनाच झाडावरून उतरवितात, आणि तो पुढें तीन ते सात दिवसांत पिकतो. कच्चा चिरला तर त्यांतील चीक व तुरटपणा फोडींत तसाच राहतो. फार पिकला तर ट्रेवर त्याचा लगदा होतो. चिरण्याजोगी अवस्था दिवस-दीड दिवस टिकते. यास्तव फळाची खरेदी बाजारभाव पाहून नव्हे, तर ड्रायर कोणत्या दिवशीं रिकामा आहे हें पाहून करावी लागते. कार्बाइडानें फळ पिकविण्यास कायद्यानें मनाई आहे, म्हणून घाई करण्याचा तो मार्गही बंद.

मग साल काढून, बिया टाकून फोडी करावयाच्या आणि पंचावन्न ते साठ अंश सेल्सियस उष्णतेच्या हवेंत त्या सुकवावयाच्या. लवकर उरकावें म्हणून उष्णता वाढविली तर फोड वरून कडक होते आणि आंत ओली राहते. त्या दिवशीं ती उत्तम दिसते. महिन्याभरानें पाकिटांत बुरशी येते. याची परीक्षा सोपी आहे. ड्रायरमधून काढलेल्या फोडी निववून कांचेच्या बरणींत घट्ट झांकून रात्रभर ठेवाव्या. सकाळीं कांचेवर आंतून दंव दिसलें तर तो माल पुन्हां ड्रायरमध्यें गेला पाहिजे. ही परीक्षा प्रत्येक घाण्याला होते असें चौथ्या स्लाइडवर लिहितां आलें, तर तें एक वाक्य दहा विशेषणांहून अधिक बोलतें.

आतां पांचवी स्लाइड. माझ्या मतें सगळा उद्योग हिच्यावर उभा आहे, आणि बहुधा हीच अर्ध्या ओळींत उरकलेली असते. हिचा विषय एकच: एक किलो सुका माल करण्यास ताजें फळ किती लागतें?

शंभर किलो पिकलेले चिकू घ्या. साल, बिया व खराब भाग मिळून वीस किलो गेले. ऐंशी किलो फोडी राहिल्या. चिकूच्या गरांत सुमारें तीन चतुर्थांश पाणी असतें, म्हणजे घन भाग वीस किलो. माल शेंकडा पंधरा पाणी ठेवून सुकविला तर कागदावर साडेतेवीस किलो भरतो. त्यांतून ट्रेला चिकटलेला, मोडलेला, काळा पडलेला माल वजा केला म्हणजे हातीं वीस किलो लागतात. पांचास एक, हें प्रमाण झालें.

फळ पंचवीस रुपये किलो आणि सोलण्या-चिरण्याची मजुरी किलोमागें बारा रुपये धरली, तर पांच किलो फळामागें एकशेंपंचाऐशी रुपये होतात. वीज, पाकीट व वाहतूक यांचे एकशेंपंधरा मिळवा. एक किलो माल तीनशें रुपयांस पडला. दुकानदारास तो चारशें रुपयांस दिला तर शंभर रुपये सुटतात. भाडें, देखरेख करणाराचा पगार, व्याज वगैरे न टळणारा खर्च महिना पन्नास हजार आहे असें धरूं. तो भरून निघण्यास महिन्याला पांचशें किलो माल विकला पाहिजे. त्यांच्या ड्रायरांत रोज शंभर किलो फोडी बसतात, त्यांतून पंचवीस किलो सुका माल निघतो, आणि पंचवीस दिवसांत सवासहाशें किलो होतो. म्हणजे उद्योग जेमतेम, पण स्वतःच्या पायावर उभा राहतो.

हेंच प्रमाण पांचाचें सहा झालें तर? पावसाळ्यांत वाड्यांतून फळकूज वाढते. शिवाय बी पोखरणारी अळी असलेलें फळ वरून पुष्कळदां निरोगी दिसतें आणि चिरल्यावरच तिचा पत्ता लागतो. अशा दिवसांत वीसऐवजीं तेहतीस किलो फेंकावे लागले कीं प्रमाण सहास एक होतें. आतां फळ व मजुरी यांचेच दोनशेंबावीस रुपये झाले. माल तीनशेंसदतीस रुपयांस पडला आणि किलोमागें त्रेसष्ट रुपये उरले. पन्नास हजार भरून काढण्यास आतां सुमारें आठशें किलो माल विकावा लागेल, आणि ड्रायरची शक्ति तर सवासहाशेंचीच! मागणी कितीही असली तरी कारखाना तोट्यांतच चालणार. प्रमाणांत एका किलोचा फरक पडला, आणि उभा असलेला उद्योग बसला.

यास्तव पांचव्या स्लाइडवर ‘उतारा वीस टक्के’ असें लिहून थांबूं नये. आलेलें फळ, टाकलेला भाग, ड्रायरांत गेलेल्या फोडी आणि निघालेला माल अशीं चार वजनें प्रत्येक घाण्याचीं तारखेसह दाखवावीं, आणि त्यांत पावसाळ्यांतील घाणेही असावेत. वाईट घाणा लपविला तर भांडवलदार तो विचारून काढतो. आपण होऊन दाखविला आणि ‘जुलै-ऑगस्टांत आम्ही ड्रायर बंद ठेवून साठवणींतील माल विकतों’ असें सांगितलें, तर विश्वास बसतो.

सहावी स्लाइड बाजाराची. देशांत सुक्या मेव्याचा व्यापार इतक्या कोटींचा, त्यांतील शंभरावा हिस्सा आम्ही घेऊं, ही भाषा टाळावी. किती दुकानांनीं माल घेतला आणि त्यांपैकीं किती दुकानांनीं दुसऱ्यांदा मागविला, एवढें सांगावें. सातवी प्रतिस्पर्ध्यांची. डहाणू-घोलवडच्या चिकूस 2016 सालीं भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली आहे. ही अभिमानाची गोष्ट खरी, परंतु ती आपल्या एकट्याची मालमत्ता नव्हे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्या प्रत्येकास ती मोकळी आहे, आणि नोंद नसतांना पाकिटावर तें चिन्ह छापतां येत नाहीं.

आठवी स्लाइड जागेची. डहाणू तालुका 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, आणि तेथें उद्योगांवर निर्बंध आले. म्हणून तेथें शेड घेण्यापूर्वीं परवानगीचा प्रश्न येतो. बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत तयार शेड, वीज आणि कामगार मिळतात, पण तेथें रासायनिक कारखान्यांची दाट वस्ती आहे. ड्रायर दिवसभर बाहेरची हवा ओढून ती अन्नावरून फिरवितो, हें विसरूं नये. धूर व उग्र वास सोडणाऱ्या उद्योगांपासून अन्नाची जागा दूर असावी, असें अन्नसुरक्षेच्या नियमांतही सांगितलें आहे. आमच्या बहीणभावांनीं या कारणास्तव पालघर पत्करलें, आणि तें कारण स्लाइडवर लिहिलें. नवव्या स्लाइडवर माणसें यावीं: फळ कोण पाहतें, यंत्र कोण चालवितें, उधारी कोण वसूल करतें.

शेवटची स्लाइड मागणीची, आणि येथें एक मोठी चूक होते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं 2020 सालीं केंद्र सरकारनें जी योजना काढली, तींत प्रकल्पखर्चाच्या शेंकडा पस्तीस, जास्तींत जास्त दहा लाख रुपये अनुदान ठरलें. बारा लाखांवर तें चार लाख वीस हजार होतें. पुष्कळजण ही रक्कम हातीं आली असें धरून उरलेल्या रकमेचेंच कर्ज दाखवितात. परंतु हें अनुदान कर्जाशीं बांधलेलें असतें. तीन वर्षें उद्योग चालला आणि कर्जखातें नियमित राहिलें, तरच तें कर्जांत वळतें होतें. म्हणून स्वतःचा दहावा हिस्सा, एक लाख वीस हजार, आधीं उभारावा लागतो, आणि उरलेल्या दहा लाख ऐंशी हजारांचें कर्ज बँकेनें मंजूर करावें लागतें.

मग भागीदाराचे आठ लाख कोठें जाणार? एक लाख वीस हजार स्वतःच्या हिश्शाचे. दुकानदार पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर माल घेतो. महिन्याचा एकूण खर्च दोन लाख असल्यानें तीन लाख उधारींत अडकतील. दोन लाख साठवणींत, कारण पावसाळ्यांत विकावयाचा माल आधींच करून ठेवावयाचा आहे. राहिलेले एक लाख ऐंशी हजार बिघडलेल्या घाण्यांसाठीं राखीव. प्रत्येक रुपयाची जागा ठरलेली आहे, आणि बिघाड होणार हेंही कबूल केलें आहे.

इतकें करूनही समोरचा गृहस्थ नाहीं म्हणूं शकेल. परंतु पांचव्या स्लाइडसाठीं चार वजनें रोज लिहितांना प्रमाण सहाकडे झुकत आहे असें त्या बहीणभावांसच आधीं दिसलें, तर तीं आठ लाख मागण्यापूर्वींच थांबतील, आणि दुसऱ्याचा व आपला पैसा वांचवितील.