लाल चिन्हाखालचा दहा आकडी नंबर

‘बिल थकले आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’, असा मेसेज २०२२पासून देशभर फिरतो आहे. पेडण्यात किंवा डिचोलीत तो मोबाइलवर आला, तर त्याची मांडणी नीट पाहा. वर लाल धोक्याचे चिन्ह, शेवटी जोडलेले हात, मधे एक दहा आकडी नंबर. चिन्ह घाबरवते, हात धीर देतात आणि सुटकेची वाट त्या नंबरातूनच जाते. फोन केला की ‘अधिकारी’ एपीके फाइल उतरवायला सांगतो. हे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती.

कोणी म्हणेल, इमोजी तर बँकाही वापरतात. खरे आहे, म्हणून नुसत्या इमोजीवरून निकाल देऊ नये. पण बँका-कंपन्यांचे एसएमएस नोंदणीकृत नावाने येतात, खासगी नंबरावरून नव्हे. चिन्ह, काही तासांची मुदत आणि खासगी नंबर हे त्रिकूट दिसले, की बिल वीज कार्यालयात तपासा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन फिरवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येऊ शकते.