बाबांनी लिहिलेला बायोडेटा आणि लेकीनं खोडलेली एक ओळ

मी काही माइकसमोर बोलणारा माणूस नाही. साताऱ्यात राहतो, बँकेत क्लार्क होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. माझी लेक २९ वर्षांची आहे आणि पुण्यात एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे. तिच्यासाठी लग्नाच्या साईटवर प्रोफाइल टाकायचं काम माझ्याकडे होतं. ते आता आम्ही बदललंय, आणि माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे आमच्या अक्काला, हा बदल अजिबात आवडलेला नाही. तिनं फोनवर मला चांगलंच झापलं. फोनवर तिच्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून मी तिला पत्र लिहिलं. लेकीनं ते वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हे माझ्या वयाच्या पोरांनी ऐकायला पाहिजे." म्हणून वाचतोय. तिला विचारूनच वाचतोय.

तीर्थरूप अक्का,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तू विचारलंस, "बाप जिवंत असताना पोरीनं स्वतःचं स्थळ स्वतः मांडायचं? लोक काय म्हणतील?" तेव्हा मी नुसतं हं हं केलं. आता नीट सांगतो.

जानेवारीत ते पुण्याचं स्थळ आलं होतं, आठवतंय ना? तू पोह्यांवर ओलं खोबरं घातलं होतंस. मुलगा सज्जन होता, हैदराबादहून रजा काढून आला होता. बोलता बोलता त्याच्या आईनं विचारलं, "रात्रपाळी काय, लग्नापर्यंतच ना?" आपली पोर म्हणाली, "नाही, पुढेही असणार आहे." त्या बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "पण तुमच्या प्रोफाइलमध्ये तर वेगळं लिहिलंय."

मंडळी गेल्यावर पोरीनं माझा फोन मागितला. मी लिहिलेलं तिनं पहिल्यांदाच वाचलं. प्रोफाइल चार महिने साईटवर होतं, पण ते तिला दाखवावं असं मला सुचलंच नव्हतं. मी लिहिलं होतं: "सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ मुलगी. मोठ्यांचा आदर करणारी. सध्या पुण्यात नोकरी. लग्नानंतर नोकरीबाबत सासरच्यांच्या इच्छेनुसार निर्णय घेता येईल."

शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, ही नोकरी माझी आहे. ती सोडायची तयारी तुम्ही कोणाच्या वतीनं दाखवलीत?"

अक्का, माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती ओळ मी काही वाईट हेतूनं लिहिली नव्हती. दहा बायोडेटा चाळले, त्यातल्या सहांत तसं काहीतरी होतं, म्हणून मीही टाकलं. वाटलं, दार थोडं उघडं ठेवलेलं बरं. पण समोरच्यानं ती ओळ वचन म्हणून वाचली, आणि त्याचं काय चुकलं? त्या मुलाची रजा गेली, तिकिटाचे पैसे गेले, आपल्या पोरीचा रविवार गेला. आणि समज, त्या बाईंनी तो प्रश्न विचारलाच नसता तर? ती गोष्ट लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात, पहिल्या रात्रपाळीला निघताना बाहेर आली असती.

माझी बाकीची विशेषणंही तिनं मला एकेक करून वाचायला लावली. "गृहकृत्यदक्ष" हे वाचून समोरचं घर काय समजतं? दोन्ही वेळचा स्वयंपाक ही करणार. "मनमिळाऊ" म्हणजे उलट बोलणार नाही. मी कौतुक केलं होतं, ते तिकडे अटी म्हणून पोचत होतं. आणि गंमत बघ, या सगळ्या ओळींत आपली पोर कुठेच नव्हती. त्या जागी तुझी धाकटी किंवा शेजारच्या कुलकर्ण्यांची मुलगी बसवली असती तरी चाललं असतं.

मग तिनं स्वतः लिहिलं. तू वरवर बघितलंस, म्हणून इथे पूर्ण उतरवतो:

"मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. रक्तगट तपासणं, पेशंटच्या रक्ताशी पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघणं, हे माझं काम. महिन्याला सात-आठ रात्रपाळ्या असतात आणि लग्नानंतरही असतील. पाळीवरून आल्यावर दोन तास मला कोणाशी बोलायचं नसतं, हे आधीच सांगितलेलं बरं. स्वयंपाक येतो, पण रोजचा सगळा मी एकटी करणार नाही. आई नाही. बाबा साताऱ्यात एकटे असतात, महिन्यातून एक शनिवार-रविवार मी तिकडे जाते. ते बंद होणार नाही."

तुला हे उद्धट वाटलं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण आता यात नको असलेली एक ओळ मला काढून दाखव. प्रत्येक ओळ खरी आहे आणि प्रत्येक ओळीवर समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येतं. "सुस्वभावी"वर कोण नाही म्हणणार?

दुसरी गोष्ट तुला मी सांगितलेलीच नाही, कारण तिची मला लाज वाटते. साईटवर नाव नोंदवताना पहिलाच प्रश्न असतो, हे प्रोफाइल कोणी तयार केलं. मी "पालक" निवडलं आणि नंबर माझा दिला. म्हणजे ओटीपी मला, निरोप मला, आणि हो-नाही करायचं बटणही माझ्याच हातात. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मी तिला न विचारता नकार कळवला. तिनं ती यादी उघडली. त्यात पुण्यातलाच एक मुलगा होता, रेल्वेत, त्यालाही पाळ्या. त्यानं लिहिलं होतं, "रात्रपाळीचं घर कसं चालतं ते मला माहीत आहे." मी त्याला नाही म्हटलं होतं, कारण मी उंची पाच फूट आठ मागितली होती आणि तो पाच सहा होता. तिनं त्याला निरोप पाठवायचं ठरवलं, तोवर त्याचं प्रोफाइल बंद झालेलं होतं.

अक्का, तो मुलगा तिला आवडलाच असता असं मी म्हणत नाही. पण नाही म्हणायचं होतं तर ते तिनं म्हणायचं होतं.

आता नंबर तिचा आहे. ॲप तिच्या फोनवर आहे. "प्रोफाइल कोणी तयार केलं" इथे "स्वतः" आहे.

अपेक्षांचे रकानेही तिनं नव्यानं भरले. मी उंची, वर्षाचा पगार, स्वतःचा फ्लॅट, पोटजात, सगळंच सक्तीचं करून ठेवलं होतं. सक्तीचं केलं की साईट एका इंचासाठी किंवा थोड्या पगारासाठी माणूस दाखवतच नाही. आपल्याला वाटतं, चांगली स्थळंच नाहीत. तिनं सक्तीची एकच अट ठेवली: पुण्यात राहणारा किंवा पुण्यात यायला तयार असलेला. कारण नोकरी इथे आहे आणि सातारा इथून जवळ आहे. उंची काढली. पगाराची अट खाली आणली. पोटजातीचा रकाना मोकळा सोडला. त्या शेवटच्या गोष्टीवर मी दोन रात्री नीट झोपलो नाही, खोटं कशाला सांगू. तुझा खरा राग त्यावरच आहे हेही मला कळतं. पण संसार तिला करायचा आहे, रकाना मी कसा भरू?

तू म्हणालीस, अशानं कोणी विचारणार नाही. पहिले इंटरेस्ट जास्त यायचे हे खरं आहे. आता आठवड्याला एखादा येतो. पण येणारा रात्रपाळीबद्दल पहिल्याच निरोपात बोलतो. एकानं सरळ लिहिलं, "आमच्या घरी हे जमणार नाही, शुभेच्छा." तो नकार तिला पाच मिनिटांत मिळाला, आणि पोहे करावे लागले नाहीत.

थायरॉईडच्या गोळीचंही तू विचारलंस. तू म्हणालीस, लपव. मी म्हणालो, लिही. ती म्हणाली, प्रोफाइल शंभर अनोळखी माणसं बघतात, तिथे लिहिणार नाही, पण ज्याला भेटेन त्याला पहिल्या-दुसऱ्या भेटीत सांगेन. मला हे आपल्या दोघांपेक्षा शहाणपणाचं वाटलं. लपवणं वेगळं आणि कोणाला कधी सांगायचं ते ठरवणं वेगळं. हिंदू विवाह कायद्याच्या १२व्या कलमात, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीनं संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. साधी गोळी काही त्यात बसायची नाही, पण लपवायची सवय लागली की माणूस कुठे थांबेल सांगता येत नाही.

मग बापानं काय करायचं, असं तू विचारशील. माझी कामं आहेत. "कुटुंबाविषयी" हा भाग मीच लिहिलाय, तिच्या मजकुराच्या खाली. रक्तपेढीचं नाव प्रोफाइलमध्ये नको हे मी सुचवलं, कारण उद्या कोणीही गेटवर जाऊन उभा राहील. जन्मवेळ आणि पत्ताही तिथे नाही, पत्रिका मागितली तर नंतर देऊ. आणि तिनं एखाद्याला हो म्हटलं की चौकशी माझी: नोकरी खरी आहे का, आधी लग्न झालंय का, ओळखीत कोण आहे. त्यात तुझ्याइतकं हुशार आपल्याकडे कोणी नाही. फक्त क्रम बदललाय. आधी तिचं हो, मग आपली चौकशी.

एक विनंती आहे. माझा जुना बायोडेटा तू समाजाच्या चार ग्रुपवर पाठवला होतास. तो अजून फिरतोय, "सासरच्यांच्या इच्छेनुसार" या ओळीसकट, आणि माझा फोन त्यावरून अजून वाजतो. तो परत घेता येत नाही. म्हणून त्याच ग्रुपवर हा नवा पाठव आणि वर लिही, "आधीचा बाद समजावा." आणि अक्का, तुझ्या हातून त्यात काही सुधारू नकोस. तिच्या ओळी वर, माझ्या खाली.

तुझा,
भाऊ

पत्र संपलं. अक्कानं उत्तर लिहिलं नाही. चार दिवसांनी ग्रुपवर नवा बायोडेटा पडला, जसाच्या तसा. खाली तिनं स्वतःची एकच ओळ जोडली होती: "मुलगी माझी भाची आहे. चौकशीसाठी मला फोन करावा, निर्णयासाठी तिला."

तुमच्यापैकी कोणाचं प्रोफाइल घरच्यांनी केलं असेल, तर आज त्यांचा फोन मागून घ्या आणि वाचा. माझ्या लेकीनं ते चार महिने उशिरा वाचलं. चूक माझी होती, पण पोहे मात्र तिला वाढावे लागले.