हे भरून द्या

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला. पाठवणारा माझा जुना विद्यार्थी, अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करणारा. फोटो एका कोऱ्या अर्जाचा होता आणि खाली चार शब्द होते : "सर, हे भरून द्या." अर्जाच्या माथ्यावर 'वारस नोंद करण्याबाबत' असे छापलेले. त्याचे वडील गेल्याचे मला त्या ओळीवरून कळले. आधी फोन केला, बोललो. अर्जाकडे वळलो ते रात्री.

निवृत्तीनंतर असे फोटो मला सतत येतात. अमरावतीत बसून मी अकोल्याकडचे अर्ज भरतो. म्हणून आज बोलायचे आहे ते एवढेच की, दुसऱ्याचा अर्ज भरताना अंदाज कुठवर चालतो आणि हात कुठे थांबवायचा. हा एकच अर्ज घेतो.

पहिले काम फोटो नीट बघण्याचे. त्या फोटोत खालची डावी बाजू अंगठ्याखाली झाकली गेली होती. 'सोबत जोडावयाची कागदपत्रे' हा मजकूर नेमका तिथेच असतो. मागची बाजू तर आलीच नव्हती आणि प्रतिज्ञापत्राचा नमुना बहुधा मागेच छापतात. मी निरोप पाठवला, "उद्या उजेडात, कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढ." जो रकाना दिसत नाही, तो तिथे नाहीच असे धरून चालणे ही पहिली चूक.

मग जे मला खात्रीने लिहिता येत होते ते वेगळ्या कागदावर लिहिले. जिल्हा अकोला, तालुका अकोट, गाव त्याचे. अर्ज कोणाला, तर तलाठ्याला. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. विषय, विनंतीची दोन वाक्ये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते, हेही मला ठाऊक होते. 'कार्यालयीन उपयोगासाठी' ही चौकट कोरी ठेवली. आपण होऊन तिथे काही लिहिणारेही मी पाहिले आहेत.

दुसऱ्या तऱ्हेचे रकाने असे की उत्तर मला माहीत नाही, पण कागदावर सापडते. गट क्रमांक, खाते क्रमांक, क्षेत्र. महाभूलेखच्या संकेतस्थळावर अमरावती विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव निवडले की विनास्वाक्षरीचा सातबारा बघता येतो. मी बघितला. त्या गावात त्याच्या वडिलांच्या नावाचे दोघे खातेदार निघाले, आडनावही एकच. आता कोणते शेत याचे? विद्यार्थी नेहमी 'आमचे चार एकर' म्हणायचा. चार एकर म्हणजे साधारण १ हेक्टर ६२ आर, आणि एका उताऱ्यावर तेवढेच क्षेत्र होते. अंदाज बराच पक्का झाला, तरी तो अंदाजच. म्हणून तो गट क्रमांक मी पेन्सिलीने लिहिला आणि पुढे टीप दिली : 'क्षेत्रावरून धरला आहे, घरातल्या आठ-अ उताऱ्याशी ताडून बघ.' मृताचे नाव मात्र सातबाऱ्यावर जसे आहे तसेच उतरवायचे, ऱ्हस्व-दीर्घासकट. शाळामास्तराचा हात तिथे शिवशिवतो, पण शुद्धलेखन सुधारले की तलाठ्याच्या दृष्टीने तो माणूस वेगळा होतो.

आता खरी जागा : 'मयताचे वारस : नाव, वय, नाते, पत्ता'. मी त्या घरी जेवलो आहे. आई, दोन मुलगे, सगळ्यांची नावे मला पाठ. तीन ओळी सहज भरून झाल्या असत्या आणि अर्ज पूर्ण दिसला असता. मी तिथे एक अक्षरही लिहिले नाही.

कारण सांगतो. पूर्वी एका घरचा अर्ज मी अशाच ओळखीवर भरला होता. मुलगे लिहिले, आई लिहिली. लग्न होऊन गेलेली मुलगी मला माहीतच नव्हती. घरच्यांनी वाचून न बघता सही केली. तलाठ्याने फेरफार धरला, पंधरा दिवसांची नोटीस निघाली आणि मुलीची हरकत आली. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते, गाव नमुना ६-अ मध्ये, आणि सुनावणी होऊन निकाल लागेपर्यंत नोंद अडते. तिच्या भावांना हिस्सा बुडवायचा नव्हता. तिला मात्र तेच वाटले आणि त्या राखीला ती माहेरी आली नाही. ते माझ्या हाताने झाले.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यातल्या पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा आणि मृताची आई येतात. लग्नाने मुलीचे नाव गळत नाही. मृताची आई हयात असेल तर तीही वारस, हे तर आपल्याकडे सुशिक्षित घरांतही लक्षात येत नाही. म्हातारी ओसरीवर बसलेली असते आणि यादी तिच्यासमोर तिच्याशिवाय होते. आधी वारलेल्या मुलाची बायको आणि मुले यांचाही हिस्सा असतो. बाहेरच्या माणसाला यातले काय ठाऊक असणार? आणि ही यादी प्रतिज्ञापत्रातही जाते. म्हणजे माझा अंदाज दुसरा माणूस शपथेवर खरा म्हणून सांगतो.

साध्या 'होय/नाही'च्या चौकटीतही हेच. २०२४ साली 'लाडकी बहीण'च्या अर्जात बँक खाते आधारला जोडले आहे का, असा प्रश्न होता. भरणारे सरसकट 'होय' करत. ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि पैसे त्या जोडणीवरच येतात.

मी नमुन्यादाखल खोटे नाव किंवा शून्यांचा आधार क्रमांकही लिहीत नाही. लिहिलेले तसेच उतरवले जाते. जागा कोरी ठेवतो आणि प्रश्न एकदमच विचारतो. त्याला पाच पाठवले : वडील गेल्याची तारीख, मृत्यूच्या दाखल्यावरची. आजी आहे का? बहिणी किती, त्यांचे आताचे पत्ते कोणते? वारलेला भाऊ किंवा बहीण, त्यांची मुले? मृत्युपत्र केले होते का? आधार क्रमांक मला पाठवू नकोस, तिथे बसून स्वतःच्या हाताने लिही, असेही सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले. बहीण एक, मोर्शीला दिलेली. मृत्युपत्र नाही. गट क्रमांक माझा चुकला होता. तो शेजारच्या चुलत घराचा निघाला, त्यांचेही शेत तेवढेच. आणि शेवटी : "सर, आजी हाये. पण तिचं वय कोनालेच मालूम नाही. आधारवर १ जानेवारी हाये."

१ जानेवारी म्हणजे नोंदणीच्या वेळी फक्त साल सांगितले असणार, आणि तेही कोणीतरी अदमासाने. तरी कार्यालय आधारच बघणार. मी कळवले, "वय आधारप्रमाणे लिही, पण आधी आजीजवळ बस आणि ती काय सांगते ते ऐक."

रात्री त्याने भरलेल्या अर्जाचा फोटो पाठवला, दोन्ही बाजूंचा, या वेळी अंगठा न येता. पाच वारस होते. पहिल्या ओळीत आजी. खाली सह्यांच्या जागा कोऱ्या होत्या; बहीण रविवारी मोर्शीहून येणार होती.