मद्यजन्य ऱ्हस्वदृष्टी

मद्याच्या अंमलाखाली मध्यरात्री पाठविलेला निरोप किंवा मित्राच्या कर्जाला दिलेला जामीन सकाळी आठवला, म्हणजे मनुष्य म्हणतो, "मी शुद्धीवर नव्हतो". परंतु प्रयोगांतून जे निष्पन्न झाले ते याहून निराळे, आणि माझ्या मते अधिक चिंताजनक आहे.

1990 साली क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले, की मद्य माणसाचे ज्ञान पुसून टाकीत नाही, ते त्याच्या अवधानाचा परीघ आखडते. जे समीप, ठळक आणि तत्काळ असते तेवढेच मनात शिरते, आणि जे विचारानेच गाठावयाचे ते दाराबाहेर तिष्ठत राहते. पुढे कॅनडातील संशोधकांनी मद्य घेतलेल्यांना, "पिऊन गाडी चालवाल काय?" असे सरळ विचारले, तेव्हा त्यांनी न प्यालेल्यांइतकाच ठाम नकार दिला, मात्र "घर अगदी जवळ असेल तर?" अशी सबब प्रश्नाला जोडताच त्यांचा नकार सैल पडला. नियम त्यांना पाठ होता. सबब मात्र अधिक जवळ होती.

आता सत्तर किलो वजनाचा एक गृहस्थ घ्या. नऊ ते अकरा या वेळात त्याने साठ मिलिलिटर व्हिस्कीचे तीन पेले घेतले, म्हणजे सुमारे साठ ग्रॅम मद्यार्क पोटात गेला. यकृत तासाला साधारण सातच ग्रॅमांचा निकाल लावू शकते, तेव्हा हा हिशेब पहाटेपर्यंत चुकता होत नाही. साडेअकराला वडिलोपार्जित जमिनीच्या हिश्श्याविषयी धाकट्या भावाचा बोचरा निरोप येतो. त्या शब्दांचा डंख आणि उत्तर धाडण्याची कळ ही दोन्ही बोटाखाली आहेत. आईची झोप, वीस वर्षांचा घरोबा आणि हाच मजकूर उद्या वकिलाच्या दप्तरात पुरावा म्हणून बसेल ही शक्यता, ही सारी दूर आहेत. उत्तर जाते. जामिनाचेही असेच घडते: मित्राचे पाणावलेले डोळे समोर असतात, हप्ते पुढील महिन्यांत असतात.

लिहिताना आपण चुकत आहोत हे त्या गृहस्थाला कळत नसेल काय? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या मिसूरी विद्यापीठातील प्रयोगात, मद्य घेतलेल्यांना आपल्या चुका ओळखता येत होत्या, पण चूक होताच मेंदूत उमटणारा इशारा क्षीण झाला होता. चूक कळत होती, बोचत नव्हती. त्यात भर अशी, की रक्तातील मद्य उतरू लागले म्हणजे 'आता ठीक आहे' ही भावना आधी परतते आणि आत्मसंयम मागाहून. एक वाजता पाठविलेला दुसरा निरोप म्हणूनच पहिल्यापेक्षा निश्चिंत मनाने लिहिला जातो.

तथापि मद्य माणसाला साहसाकडेच लोटते असे मात्र नाही. कॅनडातील त्याच संशोधकांपैकी काहींनी पुढे मद्यगृहात आलेल्यांच्या हातावर एड्स प्राण घेतो अशा अर्थाचा शिक्का मारला, तेव्हा असुरक्षित संबंधांविषयी प्यालेल्यांनी न प्यालेल्यांहूनही अधिक सावध उत्तरे दिली. कारण त्या रात्री डोळ्यांपुढे जे सर्वांत जवळ होते, ते म्हणजे तो शिक्काच होता.