घंटेच्या आतलं आणि बाहेरचं



धामणगाव बढेसारख्या गावात गणित-संख्याशास्त्राचं संमेलन, तेही मोताळा तालुक्यात, म्हटल्यावर विषय पावसाचाच घ्यायचा असं मी ठरवून आलो. आपण वर्गात ६८-९५-९९.७ चा नियम फळ्यावर लिहितो: सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन घेतलं की ६८ टक्के निरीक्षणं आत, दोन घेतली की ९५, तीन घेतली की जवळपास सगळी. ‘वितरण घंटाकृती असेल तर’ ही अट मात्र आपण पुटपुटतो. मुलं ती लिहूनही घेत नाहीत.

अट पाळली जाते तिथे नियम किती चोख चालतो, ते आधी पाहू. जून ते सप्टेंबर या काळातला संपूर्ण भारताचा सरासरी पाऊस सुमारे ८७ सेंटिमीटर आहे आणि त्याचं प्रमाण विचलन सरासरीच्या साधारण १० टक्के. सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की हवामान खातं त्याला सामान्य म्हणतं, ९० टक्क्यांखाली गेला की अपुरा. ९० टक्क्यांखाली म्हणजे एक प्रमाण विचलन खाली. घंटाकृती वक्राप्रमाणे अशी वर्षं शंभरात १६ यायला हवीत. खातं जुन्या नोंदींवरून देतं तो आकडाही १६ टक्क्यांचाच! ‘सामान्य’ वर्षांसाठी वक्र सांगतो ३१ टक्के, नोंदी सांगतात ३३. याचं कारण उघड आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशातल्या असंख्य ठिकाणांचा चार महिन्यांचा पाऊस एकत्र केला की कुठली अतिवृष्टी कुठल्या उघडिपीत जिरते.

आता आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकाकडे या, आणि एकेका दिवसाचा पाऊस घ्या. हिशेबाला सोपा म्हणून एक हंगाम मी कल्पनेने मांडतो. १२२ दिवस. त्यांतले ७५ कोरडे, २५ दिवस ४ मिलिमीटर, १२ दिवस १५, सहा दिवस ३०, तीन दिवस ५० आणि एक दिवस ९०. बेरीज ७००. रोजची सरासरी ५.७ मिलिमीटर, प्रमाण विचलन १२.८.

सरासरीतून एक प्रमाण विचलन वजा करा. उणे सात मिलिमीटर पाऊस! इथेच थांबायला हवं. जी राशी शून्याखाली जाऊच शकत नाही, तिची सरासरी प्रमाण विचलनापेक्षा लहान निघाली तर ती घंटाकृती नाही, आलेख काढायचीही गरज नाही.

तरीही नियम चालवून पाहिला तर? एका प्रमाण विचलनाच्या आत ६८ नव्हे, ९२ टक्के दिवस येतात. दोनच्या आत मात्र ९७ टक्के, म्हणजे ९५ च्या जवळ. माझ्या मते खरा धोका इथे आहे, कारण तपासणारा इथवर आला की नियम बरोबर आहे असं समजून वही मिटतो. बाहेर राहिलेले चारही दिवस एकाच बाजूला, मुसळधार पावसाचे आहेत, हे त्याला दिसत नाही. तीन प्रमाण विचलनांपलीकडे, म्हणजे ४४ मिलिमीटरवर, नियमाप्रमाणे साधारण सहा हंगामांत एक दिवस यायचा. इथे एकाच हंगामात चार आले. आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटर, म्हणजे ज्यावर आपल्याकडे अतिवृष्टीचे पंचनामे सुरू होतात तो पाऊस? तो या हिशेबाने चार हजारांहून जास्त वर्षांत एकदा. इथल्या शेतकऱ्याला हे सांगून पाहा.

पर्सेंटाइलने तीच नोंदवही वेगळी बोलते. मध्यक शून्य, म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस कोरडे. पंच्याहत्तरावं पर्सेंटाइल ४ मिलिमीटर, नव्वदावं १५, पंच्याण्णवावं ३०. वक्राचा आकार गृहीत धरलेला नाही. दिवस चढत्या क्रमाने लावले आणि मोजले, एवढंच.

पण म्हणून सरासरी टाकून देऊ नका. पर्सेंटाइलची बेरीज होत नाही. रोजचा मध्यक शून्य आहे म्हणून १२२ दिवसांचा पाऊस शून्य ठरत नाही. नळगंगा धरणात किती पाणी येईल याचा अंदाज बांधायचा तर एकूण पाऊस लागतो, आणि एकूण हवा तर सरासरीच हवी.

पर्सेंटाइललाही मर्यादा आहे, ती शेपटाशी. याच हंगामाचं नव्व्याण्णवावं पर्सेंटाइल काढलं तर त्याच्या वर एकच दिवस उरतो, तो ९० मिलिमीटरचा. तो दिवस नोंदायचा राहिला असता तर सगळ्यात वर ५० असते आणि त्या रेषेच्या वर एकही दिवस उरला नसता. तीस वर्षांच्या नोंदी घेतल्या तर ३,६६० दिवस होतात आणि त्या रेषेवर सुमारे ३७ दिवस उरतात. तेव्हा कुठे त्या आकड्याला आधार मिळतो. तोही दिसतो त्याहून थोडा कच्चाच, कारण झड लागली की जोराच्या पावसाचे दिवस लागोपाठ येतात. ते ३७ दिवस ३७ वेगळे साक्षीदार नसतात. एका झडीतले तीन दिवस बहुतेक एकच साक्ष देतात. म्हणून एका वर्षाच्या वहीवरून नव्वदावं पर्सेंटाइल सांगायला मी कचरणार नाही. नव्व्याण्णवावं मागितलं, तर आधी जुन्या वह्या मागेन.