आकडे ठरतात ते टोकांवर
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ताणलेल्या तारेचं समीकरण १७४७ मध्ये दालांबेरनं मांडलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते कॉलेजात सोडवलंय, म्हणून त्याची सिद्धता सोडून देतो. स्थळ आणि काळ वेगळे केले, दोघांच्या मध्ये लॅम्डा हा स्थिरांक उरला आणि स्थळाच्या वाट्याला X'' + λX = 0 एवढंच आलं, इथून सुरुवात करू. माझं म्हणणं आहे की या समीकरणाला लॅम्डाची कुठलीही किंमत चालते. निवड करतात ती तारेची दोन टोकं. वर्गात मात्र टोकांच्या अटी शेवटी, घाईघाईनं लिहिल्या जातात.

तार 0 पासून L पर्यंत, दोन्ही टोकं घट्ट. लॅम्डा शून्य घेतला तर उत्तर सरळ रेषा. दोन्ही टोकांना शून्य असलेली सरळ रेषा म्हणजे न हललेली तार. लॅम्डा ऋण घेतला तर वक्र एकदा शून्यातून निघाला की दूरच जात राहतो, दुसऱ्या टोकाला पुन्हा शून्यावर येत नाही. उरला धन लॅम्डा. तिथे साइन आणि कोसाइन दोन्ही मिळतात. डाव्या टोकाची अट कोसाइनला काढून टाकते, कारण तो शून्यापाशी शून्य नसतो. उजव्या टोकाची अट म्हणते, sin(√λ L) = 0. म्हणून √λ L हा पायच्या पूर्ण पटीतच हवा, आणि λ = (nπ/L)², n = 1, 2, 3… याच त्या आयगेन व्हॅल्यू. मधली एकही किंमत चालत नाही. कंपनाची वारंवारता √λ च्या प्रमाणात असते, म्हणून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर मिळतात.

आता समीकरणाला हात न लावता फक्त उजवं टोक बदलू. ते गुळगुळीत दांडीवर सरकणाऱ्या कडीला बांधलं, तर तिथे उतार शून्य. √λ L होतो π/2, 3π/2, 5π/2. मूळ स्वर एक सप्तक खाली गेला आणि त्याच्या फक्त विषम पटी उरल्या. आता तेच टोक स्प्रिंगला बांधू : X'(L) = −hX(L). L आणि h दोन्ही 1 धरले, तर tan k = −k सोडवावं लागतं; इथे k म्हणजे √λ. पहिलं मूळ 2.029, दुसरं 4.913. गुणोत्तर साधारण 2.42. साइन तसाच राहिला, पूर्णांक मात्र गेले.

(समोरून प्रश्न : ‘मग समीकरणाला काही किंमतच नाही का?’) आहे, मी तसं म्हटलेलंच नाही! साइन समीकरणानं दिला. कुठले साइन, ते टोकांनी सांगितलं. एवढाच माझा आग्रह आहे.

आणि याचा पुरावा आपल्या मिरजेत तयार होतो. तंबोऱ्याची घोडी पाहा. तिचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. आता थॉमस यंगचा नियम असा की, तार बरोबर मधोमध छेडली तर सम पटीतले स्वर उमटू नयेत, कारण त्या कंपनांत मधला बिंदू हलतच नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिलं, ते नेमकं याबद्दल : या वाद्यांत, जे स्वर यायला नकोत तेही ऐकू येतात. कारण घोडीवर आहे. तार हलते तशी ती माथ्याला कमीजास्त टेकते, म्हणजे तिचं टोक क्षणोक्षणी सरकतं. L च स्थिर नसेल, तर स्थळ आणि काळ वेगळे करण्याची आपली पहिली पायरीच निसटते. मग एका कंपनातली ऊर्जा दुसऱ्यात जाते आणि वरचे स्वर झणझणत राहतात. धागा केसभर सरकवला की जवारी बंद होते, हे इथल्या प्रत्येक गायकाला माहीत आहे. (‘गायकाला नाही, साथीदाराला!’ – हशा.) बरोबर, तंबोरा बहुधा शिष्याच्याच हातात असतो. पण त्या शिष्याचं बोट सीमेवरची अटच बदलत असतं…

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तबल्याच्या शाईबद्दल बोलणार होतो, ते राहू द्या. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. विद्यार्थी लॅम्डा धनच आहे असं धरून सुरुवात करतात. घट्ट टोकांना ते खपून जातं. पण तारेला आत ओढणाऱ्या स्प्रिंगऐवजी बाहेर ढकलणारं काही बसवलं, समजा X'(1) = 2X(1), तर λ = −κ² धरून tanh κ = κ/2 याला κ = 1.915 च्या आसपास मूळ मिळतं. तिथे लॅम्डा ऋण, साधारण −3.67, आणि तार डोलत नाही, दूर पळत सुटते. हे आधी ओळखायचं असेल तर समीकरणाला X नं गुणून 0 ते L संकलन करा. λ∫X² = ∫X'² − [XX'], कंसातली किंमत L ची वजा 0 ची. उजवीकडचं पहिलं पद ऋण होऊच शकत नाही. घट्ट किंवा सरकत्या टोकांना कंसातलं पद शून्य होतं. लॅम्डा शून्याखाली जाऊ शकेल की नाही, याची तपासणी त्या एका कंसात करा, आणि मगच साइन लिहायला घ्या.